अण्णांच्या डॉकमधून कोण काढतंय

अण्णांनी जन्मभर दुसऱ्यांची घरं कागदावर काढली. भिंत कुठे घ्यायची, दार कुठल्या बाजूला उघडायचं, हे ठरवायचे इंजिनियर. अण्णा ते सरळ रेषेत आणायचे. ड्राफ्ट्समनचं काम तेवढंच, असं ते स्वतः म्हणायचे, आणि दुसऱ्या कुणी म्हटलं की त्याच्याशी आठवडाभर बोलायचे नाहीत.

नोकरी संपली त्या दिवशी ऑफिसने त्यांना भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. ते अजून खोक्यातच आहे, कारण त्याला सेकंदकाटा नाही. निरोपाच्या भाषणात ते दोनच वाक्यं बोलले. पहिलं आभाराचं होतं. दुसरं असं की, "काम मी घरून चालू ठेवीन, पण ज्या दिवशी हात हलला त्या दिवशी पेन्सिल खाली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत एक म्हातारा ड्राफ्ट्समनही होता. त्याचा हात हलू लागला तेव्हा अण्णांनीच त्याला समोर बसवून घरी जायला सांगितलं होतं. तेव्हा हे नुसतं भाषण नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. अण्णांचा तर सुंभही शाबूत होता. त्यांच्याच बोर्डाशेजारी उभं राहून नकाशा वाचायला शिकलेली एक मुलगी पुढे इंजिनियर झाली, तिने स्वतःचं ऑफिस काढलं, आणि घरांचे नकाशे ती अण्णांकडे पाठवू लागली. अण्णा तिला इंजिनियरबाई म्हणत. मुलाने मागच्या खोलीत मोठ्या पडद्याचा मॅक आणून ठेवला. अण्णा आधी आठ दिवस त्याच्याकडे नुसतेच बघत बसले. नवव्या दिवशी ते कामाला लागले आणि महिन्याभरात मुलालाच विचारू लागले, "तुला एवढंही येत नाही?"

त्यांचं सगळं आयुष्य आता त्या खोलीत होतं. सकाळी दाढी, चहा, आणि मग इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या खोलीत हजर. खोली स्वयंपाकघराला लागून होती, पण ते "येतो" असं सांगून जायचे.

आता डॉकचं सांगायला हवं. मॅकच्या स्क्रीनच्या तळाशी आयकॉनांची एक पट्टी असते, तिला डॉक म्हणतात. रोज लागतं ते तिथे ठेवावं, अशी कल्पना आहे. अण्णांनी सगळंच ठेवलं. बुद्धिबळ, हवामान, शेअर बाजार, नकाशाचा प्रोग्रॅम, त्या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती, त्याहून जुनी आवृत्ती. काढायचं काहीच नाही, कारण आज ना उद्या लागेल. मॅक बिचारा गरीब. जागा संपली की तो कुरकुर करत नाही, सगळे आयकॉन थोडे थोडे बारीक करतो. अण्णांचे आयकॉन बारीक होत होत तांदळाएवढे झाले होते. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत, म्हणजे मेन्यू बारमध्ये, उजव्या टोकाला अशीच दाटी होती. ब्लूटूथ, आवाज, प्रिंटरवाल्यांनी घुसवलेलं काहीतरी, कधीतरी घेतलेल्या कुठल्याशा प्रोग्रॅमचा कावळ्याच्या चित्राचा आयकॉन. सगळ्यांच्या शेवटी घड्याळ, सेकंदांसकट.

या घरात सून आली ती ऑपरेशन थिएटरची सिस्टर.

सूनबाईचं काम म्हणजे ट्रे मांडणं. कात्री इथे, चिमटा तिथे, सुई त्याच्यापुढे. डॉक्टरने न बघता हात पुढे केला की त्या हातात नेमकी तीच वस्तू पडली पाहिजे. लागत नाही ते ट्रेवर ठेवायचं नाही, आणि ट्रेवर ठेवलेलं काही हरवू द्यायचं नाही. हा स्वभाव ड्यूटी संपली म्हणून हॉस्पिटलात ठेवून येता येत नाही. तिने घरातले जुने डबे काढले, बिनजोडीचे मोजे काढले, नवऱ्याच्या कॉलेजच्या टी-शर्टाची फडकी केली. नवरा तीन दिवस शोधत होता, मग चौथ्या दिवशी त्याने स्वतःच्याच टी-शर्टाने गाडी पुसली आणि मग त्याच्या लक्षात आलं.

एका रविवारी अण्णा केस कापायला गेले असताना तिने मागच्या खोलीत झाडू मारता मारता स्क्रीनकडे पाहिलं. तिला राहवेना. बुद्धिबळ ओढून डॉकच्या बाहेर आणलं, वर "रिमूव्ह" असं दिसलं, बोट सोडलं, गेलं. मग हवामान. मग शेअर बाजार. प्रोग्रॅम मशीनमध्ये आहे तिथेच राहतो, डॉकमधून जातो तो फक्त त्याच्याकडे जाणारा दरवाजा, हे तिला ठाऊक होतं. वरच्या पट्टीतले आयकॉन कमांडचं बटण दाबून धरून ओढले, नको ते खाली ओढून टाकले. घड्याळ हलत नाही, ते जागेवर राहिलं. जाता जाता तिने डॉक आपोआप लपेल असं सेटिंगही करून टाकलं, म्हणजे नको तेव्हा दिसायलाच नको. काम झाल्यावर तिला जेवल्यासारखं समाधान वाटलं.

अण्णा आले, बसले, आणि घरभर आवाज गेला, "माझं तळाचं सगळं गेलं!"

"गेलं नाही अण्णा, लपलंय. माऊस खाली नेला की वर येतं."

"मी काय लपाछपी खेळायला बसतो इथे?"

माऊस खाली नेल्यावर डॉक वर आला, तर त्यात बुद्धिबळ नव्हतं. अण्णा बुद्धिबळ खेळत नसत, पण तो मुद्दा नव्हता. त्यांनी मुलाला शेजारी बसवून आधी ती लपाछपी बंद करून घेतली, आणि संध्याकाळपर्यंत एकेक आयकॉन त्याच्याकडून परत जागेवर बसवून घेतला. मग ड्रॉइंग बोर्ड काढला, पेन्सिलीला टोक केलं, आणि डॉकचा रीतसर प्लॅन काढला. डावीकडून उजवीकडे प्रत्येक आयकॉनचा चौकोन, त्यात बारीक अक्षरात नाव, खाली तारीख आणि सही, कोपऱ्यात प्रमाण. रेघा इतक्या सरळ की दोऱ्याने आखल्यासारख्या. तो कागद त्यांनी मशीनच्या वर भिंतीला चिकटवला आणि सुनेला बोलावून सांगितलं, "हे असं आहे. हे असंच राहणार."

सासूबाई दारातून म्हणाल्या, "मला तर बाई यातलं काही कळत नाही." त्यांना घरातलं सगळं कळायचं, हे वाक्य त्या फक्त तेव्हाच वापरायच्या.

वर्ष बरं गेलं. घरात काही सापडेनासं झालं की नवरा आता सरळ "डॉकमध्ये बघ" म्हणायचा. सूनबाई हसण्यावारी न्यायची. तिने त्या मशीनला हातही लावला नव्हता.

मग एका सकाळी अण्णांचा कॅल्क्युलेटर गेला.

"सूनबाई!"

"मी नाही काढला, अण्णा."

"मग काय तो चालत गेला?"

पुढच्या आठवड्यात मेलचा आयकॉन गेला. मग मुलाने परत लावलेला कॅल्क्युलेटर पुन्हा गेला. गंमत अशी की जायचं ते रात्रीत जायचं. संध्याकाळी अण्णा सगळं बंद करून उठायचे तेव्हा, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, डॉक भिंतीवरच्या प्लॅनबरहुकूम असायचा; सकाळी बघावं तर एक चौकोन कमी. रात्री घरात शेवटी झोपणारी आणि सकाळी सगळ्यात आधी उठणारी एकच व्यक्ती होती. खापर फोडायला डोकं आयतंच तयार होतं.

"तू काढलं असशील तर सांगून टाक ना," नवरा म्हणाला. "कुणी फाशी देत नाही."

"अरे, मी काढलं असतं तर एकेक कशाला काढलं असतं? सगळंच नसतं का काढलं?"

यावर नवरा विचारात पडला, कारण हे खरं होतं. पण त्याचा विश्वास बसला नाही.

गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण मग एके दिवशी नकाशाचा प्रोग्रॅमच गेला. त्या दिवशी दुपारपर्यंत एका बंगल्याचा नकाशा पाठवायचा होता. पहिल्या मजल्याच्या दोन खिडक्या सरकवायच्या, एवढंच उरलं होतं. अण्णा बसले आणि बघतात तर डॉकमध्ये प्रोग्रॅम नाही. सूनबाई हॉस्पिटलात, मुलगा ऑफिसात. कुणीही सांगितलं असतं की वरच्या कोपऱ्यातलं भिंग दाबा, नाव टाका, मिळेल. पण वस्तू तिच्या जागेवर नाही म्हणजे ती नाही, या तत्त्वावर अण्णांनी आयुष्य काढलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, त्यांनी इंजिनियरबाईंना फोन करून सांगितलं, "सुनेने प्रोग्रॅम पुसलाय. आज नकाशा होणार नाही."

संध्याकाळी सूनबाईने भिंग दाबलं, नाव टाकलं, प्रोग्रॅम उघडला आणि त्याचा आयकॉन परत डॉकमध्ये बसवला. अण्णा नकाशा पूर्ण करायला बसले, तेवढ्यात इंजिनियरबाईंचा फोन आला. अण्णांनी तो स्पीकरवर ठेवला, कारण मुलाने शिकवल्यापासून ते सगळेच फोन स्पीकरवर ठेवत.

"अण्णा, नकाशा उद्या चालेल. पण एक विचारू? मागे मेल गेलं म्हणालात तेव्हाही उशीर झाला होता, आणि आता हे. तुमची तब्येत ठीक आहे ना? म्हणजे तुम्हाला जड जात असेल तर इथे ऑफिसात दोन मुलं आहेत, हळूहळू त्यांच्याकडे..."

"मला काही जड जात नाही," अण्णा म्हणाले. "घरात चोर आहे."

फोन ठेवून त्यांनी उघडलेला नकाशा तसाच बंद केला. सूनबाई दारात उभी होती. माणूस रागावला की तिला भीती वाटत नसे. पण अण्णा रागावलेले नव्हते, ते घाबरलेले होते, आणि ते तिने आजवर कधी पाहिलं नव्हतं. तिला फार वाईट वाटलं. रागही आला, कारण तिने खरंच काही केलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. थिएटरमध्ये चिमटा सापडला नाही तर कुणी कुणाला शिव्या देत बसत नाही. सगळे थांबतात आणि शोधतात. तिने वाळलेल्या कपड्यांचा ढीग उचलला, मागच्या खोलीतल्या दिवाणावर जाऊन बसली आणि घड्या घालू लागली.

"इथे कशाला?" अण्णांनी विचारलं.

"इथे वारा येतो."

खिडकी बंद होती. अण्णांनी खिडकीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि कामाला लागले.

इंजिनियरबाईंनी मेलवर बदल पाठवले होते, आणि त्याचाच छापलेला कागद अण्णांच्या डाव्या हातात होता. ते मेल उघडायचे, बघायचे, आणि परत नकाशाकडे यायला डॉकमधला प्रोग्रॅमचा आयकॉन दाबायचे. असं चाललं होतं. चांगला सर्जन आहे की नाही हे चेहऱ्यावरून कळत नाही, म्हणून थिएटरची सिस्टर चेहऱ्याकडे बघतच नाही. सूनबाई टॉवेलची घडी घालता घालता अण्णांच्या उजव्या हाताकडे बघत होती.

हात थरथरत होता. फार नाही. मांडीवर पडलेला असताना अगदी थोडा, आणि बारीकशा आयकॉनवर नेमका न्यायचा म्हटलं की जास्त. अण्णांनी आयकॉनवर बोट दाबलं. दाबलं आणि मनगट ताठ केलं, थरथर आवरायला. त्यात हात वर सरकला आणि आयकॉन बाणाला चिकटून डॉकच्या बाहेर, थेट नकाशावर आला. अण्णांची नजर डाव्या हातातल्या कागदावर होती. हात स्थिर व्हावा म्हणून ते क्षणभर थांबले, बोट तसंच दाबलेलं. आयकॉनच्या डोक्यावर "रिमूव्ह" उमटलं. हात स्थिर झाला. त्यांनी बोट उचललं.

मशीनला तेवढंच हवं होतं. नुसता हात हलला असता तर काही झालं नसतं. अण्णा हात आवरायला थांबत होते, आणि ते थांबणंच मशीनला हुकुमासारखं वाटत होतं.

पण आयकॉन गेला नाही. तो परत खाली दिसू लागला, बुडाशी ठिपक्यासकट. प्रोग्रॅम चालू होता ना. चालू आहे तोवर डॉक त्याला दाखवत राहतो. संध्याकाळी बंद केला की मग गुपचूप नेतो. सूनबाईला सगळं एकदम कळलं. चोर रात्री येत नव्हता. चोर दिवसाढवळ्या इस्त्रीचा शर्ट घालून बसत होता.

"एका दाबण्यात उघडत नाही हल्ली," अण्णा पुटपुटले. "मशीन जुनं झालं." त्यांनी परत दाबलं, आणि या वेळी उघडलं.

सासूबाई चहा घेऊन आल्या. अण्णांचा कप त्यांनी डाव्या हाताला ठेवला. सूनबाईने कपात पाहिलं. कप अर्धाच भरला होता. तिला आठवलं की हल्ली तो रोज अर्धाच असतो, आणि दुसऱ्यांदा चहा आणून तो पुरा केला जातो. तिने वर पाहिलं. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"मला तर बाई यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या आणि ट्रे घेऊन गेल्या.

म्हणजे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

सूनबाईच्या हॉस्पिटलात एक मोठे सर्जन होते. त्यांचा हात कापतो हे सगळ्यात आधी तिला दिसलं होतं, आणि तिने त्याच दिवशी मेट्रनला सांगितलं होतं. सर्जन आता फक्त तपासायला बसतात. तिला त्याचा पश्चात्ताप नव्हता. तिथे टेबलावर माणूस असतो. पण इथे? ती उठून अण्णांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"अण्णा, ही रेघ सरळ कशी येते हो? हाताने ओढता?"

"छे! हाताने कोण ओढतं?" अण्णा खूश झाले. "भिंतीची लांबी मी आकड्यात टाकतो. हे बघ, कीबोर्डवर. दिशाही आकड्यात. टोक जवळ नेलं की ते आपोआप टोकाला चिकटतं. चूक व्हायला जागाच नाही."

नकाशा बिनचूक होता. तिने दोन्ही खिडक्या कागदावरच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. काम चोख होतं. हलत होता तो फक्त हात, आणि तो हलतो हे कळलं तर हा माणूस स्वतःच्याच भाषणातल्या दुसऱ्या वाक्याप्रमाणे पेन्सिल खाली ठेवणार होता. मग इस्त्रीचा शर्ट घालून तो कुठे जाणार? तिने उरलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या आणि मूग गिळून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अपेक्षेप्रमाणे घर हादरलं.

"सूनबाई! परत गेला!"

ती डबा भरत होती. डबा ठेवून ती मागच्या खोलीच्या दारात गेली. नवरा तोंडात ब्रश घेऊन आला. सासूबाई आल्या.

"हो," ती म्हणाली. "मीच काढला."

नवऱ्याने ब्रश तोंडातून काढला. "बघा! मी म्हणत होतो की नाही?"

"आणि कॅल्क्युलेटर?" अण्णांनी विचारलं.

"तोही मीच. मेलही. मला पसारा बघवत नाही अण्णा. हात शिवशिवतात."

आ बैल मुझे मार म्हणतात ते हेच. अण्णा तिच्याकडे बघत राहिले. ती वाट बघत होती की आता आवाज चढेल. तो चढला नाही. त्यांनी फोन उचलला, इंजिनियरबाईंचा नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन सुनेपुढे धरला. डाव्या हाताने.

"यांना सांग."

"मॅडम, मी त्यांची सून बोलतेय. ते प्रोग्रॅमचं... ते माझ्यामुळे झालं. अण्णांचा त्यात काही दोष नाही. नकाशा उशिरा गेला तोही माझ्यामुळेच."

पलीकडून हसू आलं. "अहो, मग आधी नाही का सांगायचं! मला वाटलं, अण्णांना आता काही... असू दे, असू दे. अण्णा, उद्या शाळेचं काम येतंय. तीन मजले. तुमच्याकडेच पाठवते."

"पाठवा," अण्णा म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी निकाल दिला. "आता हे तूच निस्तर. असं काहीतरी कर की तुझा हात तिथे पोचलाच नाही पाहिजे."

पडत्या फळाची आज्ञा घेऊन सूनबाई हॉस्पिटलात गेली. तिथले कॉम्प्युटर सांभाळणारे दादा जेवत होते.

"दादा, मॅकच्या डॉकमधून कुणालाच काही काढता येणार नाही, असं करता येतं का?"

"येतं. टर्मिनलमध्ये, म्हणजे मॅकला हुकूम टाइप करून द्यायच्या खिडकीत, एक ओळ टाकावी लागते. कोण काढतंय?"

"मीच."

दादांनी घास हातात धरून तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि कागदाच्या रुमालावर ती ओळ लिहून दिली.

संध्याकाळी ती अण्णांच्या खुर्चीत बसली आणि अण्णा दिवाणावर. आधी तिने रजा मागितली. "अण्णा, कुलूप लावायचं तर आधी खोली आवरते. चालेल?"

"काय काय काढणार?"

"रोज लागत नाही ते."

अण्णांनी भिंतीवरच्या प्लॅनकडे पाहिलं आणि "कर" म्हणाले. त्या घरात हा शब्द डॉकच्या बाबतीत पहिल्यांदाच उच्चारला गेला.

बुद्धिबळ गेलं. हवामान, शेअर बाजार, जुन्या दोन्ही आवृत्त्या गेल्या. उरलं नकाशाचं, मेल, कॅल्क्युलेटर आणि पीडीएफ बघायचं. बाकीचं कधी लागलं तर म्हणून सगळ्या प्रोग्रॅमांचा अख्खा फोल्डरच तिने डॉकमधल्या उभ्या रेघेपलीकडे, कचरापेटीशेजारी बसवला. अलीकडे वापरलेले प्रोग्रॅम डॉकमध्ये आपणहून येऊन बसतात, ते अण्णांनी पूर्वीच बंद करवलं होतं. मग आकाराची पट्टी सरकवली, आणि तांदळाएवढे आयकॉन वाढत वाढत पुरीएवढे झाले. वरच्या पट्टीतला कावळा हाकलला, प्रिंटरवाल्यांचं काढलं, आवाज आणि वायफाय ठेवलं. घड्याळाला तिने हात लावला नाही.

शेवटी तिने टर्मिनल उघडलं आणि रुमालावरची ओळ एकेक अक्षर बघून टाकली. डॉक अख्खा नाहीसा झाला. दिवाणावरून आवाज आला, "गेलं!" आणि डॉक परत आला.

"आता ओढून बघू," ती म्हणाली. तिने मेलचा आयकॉन दाबून धरला आणि वर ओढला. तो ढिम्म. जोरात ओढला. जागचा हलला नाही.

"ऊठ," अण्णा म्हणाले.

ते बसले. उजवा हात माऊसवर ठेवला. त्यांनी नकाशाच्या मोठ्या आयकॉनवर बोट दाबलं, मनगट ताठ केलं, आणि हात वर सरकला. या वेळी त्यांच्या डाव्या हातात कागद नव्हता. ते स्वतःच्या हाताकडेच बघत होते. हात हलत राहिला, बाण नकाशावर थरथरत राहिला, आणि आयकॉन खाली होता तिथेच राहिला. ते थांबले. पुरेसं थांबले. मग बोट उचललं आणि परत एकदा तसंच केलं. सूनबाईने दुसरीकडे बघायचं ठरवलं होतं, पण सवयीने ती हाताकडेच बघत होती.

"चांगलं झालं," अण्णा म्हणाले. "आता तुझा हात पोचणार नाही."

"हो, अण्णा."

त्यांनी भिंतीवरचा जुना प्लॅन काढला. नवा काढायला बोर्डाकडे गेले नाहीत. तो त्यांनी मशीनवरच काढला, आकडे टाकून, आणि छापला. खाली तारीख आली, प्रमाण आलं. सहीची जागा त्यांनी रिकामी ठेवली. कागद चिकटवायला तिच्याकडे दिला आणि ती तो भिंतीवर लावत असताना पाठमोऱ्या सुनेला म्हणाले, "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"तुझा हात थरथरतोय त्याला."

कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर तिचा अंगठा तसाच राहिला. तिचा हात कधीच थरथरत नसे; पोटच तिचं त्यावर चालत होतं. तिने कोपरा दाबून बसवला.

"तीन-चार महिने झाले असतील," ती म्हणाली.

"म्हणून तुझ्याकडून आयकॉन निघत होते. मुद्दाम काही तू काढत नव्हतीस."

"नाही अण्णा. मुद्दाम नाही."

"मग आधी सांगायचंस ना. उगाच चोर म्हटलं मी तुला." त्यांनी घसा साफ केला. "कामाला अडचण नाही ना येत?"

"काम चोख आहे. मी ताडून बघितलंय."

अण्णांनी मान हलवली. ते म्हणाले, "तरी पण डॉक्टरला दाखवलं पाहिजे. असं अंगावर काढू नये. तुमच्याकडे असतील ना त्यातले कुणी?"

"आहेत. उद्याची वेळ घेते."

"घे. मी येतो तुझ्यासोबत." मग वरच्या कोपऱ्यात पळणाऱ्या सेकंदांकडे बघत ते म्हणाले, "सकाळची घे. दुपारी मला शाळेचं काम बघायचंय."